हे वाक्य कुणाचं?

एम.एड.चा लघुप्रबंध असो किंवा शिक्षणशास्त्रातली पीएच.डी., प्रबंधाचं दुसरं प्रकरण ठरलेलं असतं: संबंधित संशोधन साहित्याचा आढावा. विषय किशोरवयीन मुलांच्या अध्ययनाचा असेल, तर वाचायचे बहुतेक लेख इंग्रजीत असतात आणि ते अमेरिकेत किंवा युरोपात झालेल्या अभ्यासांचे असतात. विद्यार्थी ते लेख वाचतो, वहीत किंवा संगणकावर टिपणं काढतो, काही महिन्यांनी त्या टिपणांवरून प्रकरण लिहितो आणि जमेल तिथे कंसात नावं आणि सालं टाकतो. इतकं करूनही मार्गदर्शक एखाद्या परिच्छेदावर बोट ठेवून विचारतात, "हे वाक्य कुणाचं? तुमचं की लेखकाचं?" आणि लिहिणाऱ्यालाच ते सांगता येत नाही.

चोरी करायची म्हणून चोरी करणाऱ्याबद्दल हा लेख नाही. प्रामाणिकपणे, राबून आढावा लिहिणाऱ्याच्या हातून नकळत होणाऱ्या वाङ्मयचौर्याबद्दल तो आहे. हा दोष प्रबंध लिहिताना दिसून येतो, पण त्याचं बी बहुतेक वेळा आधीच, टिपणं काढताना पडलेलं असतं. म्हणून उपायही तिथूनच सुरू करावा लागतो.

टक्केवारी काय मोजते आणि काय मोजत नाही

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम काढले. प्रबंधाचं इतर मजकुराशी असलेलं साम्य त्यांत टप्प्यांनी मोजलं आहे. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे चाळीस टक्क्यांपर्यंत साम्य निघालं, तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. चाळीस ते साठ टक्क्यांच्या टप्प्यात वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही आणि साठच्या पुढे नोंदणीच रद्द होते. त्यामुळे विद्यार्थ्यांचं सगळं लक्ष त्या आकड्यावर खिळतं. अहवालात नऊ टक्के आले की सुटलो, असं वाटतं.

पण सॉफ्टवेअर फक्त जुळणारे शब्द शोधतं. इंग्रजी लेखातला परिच्छेद ओळीनुसार मराठीत उतरवला, तर त्यातला एकही शब्द मूळ शब्दाशी जुळत नाही आणि साम्य शून्यावर येऊ शकतं. दुसऱ्याची कल्पना, त्याची वर्गवारी किंवा त्याच्या युक्तिवादाचा क्रम उचलला, तरी यंत्राला त्याचा पत्ता लागत नाही. उलट, अवतरणचिन्हांत आणि संदर्भासह रीतसर दिलेलं वाक्य ते साम्य म्हणून दाखवू शकतं. थोडक्यात, हा आकडा शब्दांच्या साम्याचा आहे. दुसऱ्याचं श्रेय त्याला दिलं की नाही, हे त्यावरून कळत नाही. ते माणसालाच पाहावं लागतं आणि ते पाहणारा पहिला माणूस म्हणजे स्वतः लिहिणारा.

एक उतारा आणि त्याची तीन रूपं

समजा, तुमचा विषय ‘किशोरवयीन विद्यार्थ्यांची मानसिकता आणि शालेय संपादणूक’ असा आहे. या विषयात डेव्हिड येगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘नेचर’मधला २०१९ चा अभ्यास टाळताच येत नाही. बुद्धिमत्ता जन्मतः ठरलेली नसते, ती वाढवता येते, या धारणेला ‘ग्रोथ माइंडसेट’ म्हणतात. ती धारणा एका छोट्या उपक्रमातून मुलांपर्यंत पोहोचवली तर काय होतं, हे त्यांनी तपासलं. खालचा उतारा सरावासाठी मी रचला आहे. त्यातली तथ्यं त्या अभ्यासाची आहेत, वाक्यं माझी आहेत. तुमच्यासमोर हाच मूळ मजकूर आहे असं धरून चालू.

"अमेरिकेतील ६५ सरकारी शाळांमधील नववीच्या सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट करण्यात आले. एका गटाला बुद्धिमत्ता विकसित करता येते हा संदेश देणारा, एका तासाहून कमी वेळाचा ऑनलाइन उपक्रम देण्यात आला. दुसऱ्या गटाला मेंदूच्या कार्याविषयी सर्वसाधारण माहिती मिळाली. आधीपासून कमी गुण असलेल्या विद्यार्थ्यांच्या सरासरी श्रेणीत सुमारे ०.१ श्रेणीगुणांची वाढ झाली. ज्या शाळांतील सहाध्यायींचा कल आव्हानात्मक काम घेण्याकडे होता, तेथे हा परिणाम अधिक दिसला."

आता पहिलं रूप. विद्यार्थी मूळ मजकूर समोर उघडा ठेवतो आणि लिहितो:

"युनायटेड स्टेट्समधील ६५ शासकीय विद्यालयांमधील इयत्ता नववीच्या जवळपास १२ हजार मुलांची यादृच्छिकपणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला बुद्धी वाढवता येते हा विचार मांडणारा, तासाभरापेक्षा अल्प कालावधीचा ऑनलाइन कार्यक्रम देण्यात आला. दुसऱ्या गटाला मेंदूच्या कामकाजाबद्दल सामान्य माहिती देण्यात आली (येगर व इतर, २०१९)."

इथे संदर्भ दिला आहे, शब्दही पुष्कळ बदलले आहेत. तरीही हा परिच्छेद सदोष आहे. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचा. मूळची पहिली तीन वाक्यं त्याच क्रमाने आली आहेत. स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी आहे. ‘सरकारी’चं ‘शासकीय’, ‘उपक्रम’चं ‘कार्यक्रम’ आणि ‘कमी’चं ‘अल्प’ झालं, एवढाच फरक. कंसातला संदर्भ वाचकाला सांगतो की माहिती येगर यांची आहे आणि वाक्यं तुमची आहेत. यातली दुसरी गोष्ट खरी नाही.

रिबेका मूर हॉवर्ड या अमेरिकन लेखन-अभ्यासक प्राध्यापिकेने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा लेखनाला ‘पॅचरायटिंग’ असं नाव दिलं. मूळ वाक्यातले काही शब्द गाळायचे, काहींच्या जागी समानार्थी शब्द बसवायचे, व्याकरणाची थोडी उलटापालट करायची, असं हे लेखन असतं. याला सरसकट चोरी म्हणू नये, असं हॉवर्ड यांचं म्हणणं होतं. नव्या विषयाची भाषा अजून अंगवळणी न पडलेला विद्यार्थी मूळ वाक्यांचा आधार धरून चालू पाहतो, असं त्यांनी त्याकडे पाहिलं. मिगेल रोइग या मानसशास्त्रज्ञाच्या पाहणीतून याला पूरक गोष्ट समोर आली. अवघड तांत्रिक उतारा स्वतःच्या शब्दांत लिहायला दिला, तेव्हा केवळ विद्यार्थ्यांनीच नव्हे, काही प्राध्यापकांनीही मूळ शब्दमालिका तशाच उचलल्या. उतारा सोपा असला की हे प्रमाण घटत होतं. म्हणजे ठिगळं जोडण्यामागे अप्रामाणिकपणापेक्षा अपुरं आकलन जास्त असतं. एखाद्या परिच्छेदातले शब्द बदलण्यापलीकडे तुम्हाला काही सुचत नसेल, तर तो परिच्छेद अजून समजलेला नाही. अशा वेळी पेन खाली ठेवून पुन्हा वाचणं हाच उपाय आहे.

दुसरं रूप याच्या अगदी उलट आहे:

"ग्रोथ माइंडसेट रुजवल्याने किशोरवयीन विद्यार्थ्यांचे गुण वाढतात (येगर व इतर, २०१९)."

वाक्य पूर्णपणे स्वतःचं आहे. साम्य शून्य आहे. पण येगर असं म्हणालेलेच नाहीत. गुणांतली वाढ आधी मागे असलेल्या मुलांमध्ये दिसली होती, ती लहान होती आणि सोबतच्या मुलांच्या वृत्तीवर अवलंबून होती. या तिन्ही मर्यादा गळाल्या आणि उरलेलं ठोस विधान लेखकांच्या नावावर जमा झालं. हे वाङ्मयचौर्य नाही, पण संदर्भ चुकीचाच आहे. न केलेलं विधान लेखकाच्या तोंडी घालणं ही उचलेगिरीइतकीच गंभीर गोष्ट आहे, कारण पुढचा संशोधक तुमच्यावर विसंबून तेच वाक्य पुढे नेणार असतो.

तिसरं रूप असं होऊ शकतं:

"ग्रोथ माइंडसेटच्या छोट्या उपक्रमाचा लाभ सर्व मुलांना सारखा होत नाही, असे येगर व इतर (२०१९) यांच्या मोठ्या नमुन्यावरील प्रयोगातून दिसते. अमेरिकेतील नववीच्या वर्गांत श्रेणी सुधारली ती अभ्यासात मागे असलेल्यांची, आणि तीही साधारण ०.१ श्रेणीगुणांएवढीच. सोबतची मुले कठीण काम अंगावर घेणारी असतील, तर फरक अधिक पडतो, असेही त्यांना आढळले."

इथे मूळ उताऱ्यातला क्रम मोडला आहे. शेवटी असलेला निष्कर्ष सुरुवातीला आला. शाळांची संख्या, उपक्रमाचा वेळ आणि दुसऱ्या गटाला काय दिलं हे सगळं गाळलं, कारण इथे प्रश्न होता ‘लाभ कुणाला होतो?’ हा. याच अभ्यासाचा उपयोग ‘कमी वेळाचे ऑनलाइन उपक्रम’ या मुद्द्यासाठी करायचा असता, तर वेळ आणि गटरचना ठेवावी लागली असती आणि परिच्छेद निराळा झाला असता. आपला प्रश्न घेऊन मूळ लेखाकडे गेलं, की काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे आपणच ठरवतो आणि मांडणी आपोआप आपली होते. प्रश्न मनात नसेल, तर हाती फक्त शब्द बदलणं उरतं.

आणखी एक गोष्ट नव्या विद्यार्थ्यांना सांगावी लागते. सगळेच शब्द बदलायचे नसतात. ‘यादृच्छिक’, ‘नियंत्रित गट’, ‘ग्रोथ माइंडसेट’ हे त्या क्षेत्रातले सगळ्यांचे शब्द आहेत. ‘नववी’च्या जागी ‘माध्यमिक स्तराचे प्रथम वर्ष’ लिहिलं, तर वाक्य तुमचं होत नाही, फक्त वाईट होतं. आकडे तर बदलायचेच नसतात.

टिपण काढताना तीन खुणा

तिसऱ्या रूपापर्यंत पोहोचायचं, तर टिपण काढण्याची पद्धत बदलावी लागते. लेखातला एक भाग पूर्ण वाचावा. मग लेख बंद करावा, खिडकी मिटवावी किंवा कागद पालथा घालावा. वर्गमैत्रिणीने "यात काय सापडलं गं?" असं विचारलं तर जसं सांगू, तसं दोन-तीन वाक्यांत लिहून काढावं. त्यानंतरच लेख पुन्हा उघडावा आणि तीन गोष्टी पडताळून पाहाव्यात. आकडे आणि विद्यार्थ्यांचा वयोगट बरोबर आला का? ‘काही प्रमाणात’, ‘फक्त या गटात’ अशा मर्यादा सुटल्या का? आणि नकळत मूळची शब्दमालिका डोक्यात राहून वाक्यात उतरली का? ती उतरली असेल, तर एकतर वाक्य नव्याने लिहावं किंवा तो भाग अवतरणचिन्हांत घालून पृष्ठक्रमांक लिहावा.

टिपणाच्या वहीत तीन प्रकारचा मजकूर येतो आणि तो डोळ्यांना वेगळा दिसला पाहिजे. लेखकाचे शब्द जसेच्या तसे असतील, तर ते अवतरणचिन्हांत आणि शेजारी पृष्ठक्रमांकासह लिहावेत. लेखकाचा आशय आपल्या शब्दांत असेल, तर अवतरणचिन्ह नको, पण पृष्ठक्रमांक हवाच. तिसरा प्रकार आपल्या स्वतःच्या विचारांचा: "आपल्याकडच्या नववीच्या वर्गांना हे लागू होईल का?" असं काही. त्याला चौकट करावी किंवा वेगळी शाई वापरावी. ही शिस्त जाचक वाटते, पण ती पहिल्याच दिवसापासून पाळावी, कारण नंतर हे प्रकार वेगळे करता येत नाहीत.

ते का करता येत नाहीत, याचंही संशोधन झालं आहे. अॅलन ब्राउन आणि डाना मर्फी यांनी १९८९ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांच्या गटाला एखादा वर्ग दिला आणि त्यातली उदाहरणं आळीपाळीने सांगायला लावली. नंतर प्रत्येकाला, तू स्वतः काय सांगितलं होतंस ते आठव, असं सांगितलं. काहींनी दुसऱ्याने सांगितलेली उदाहरणं स्वतःची म्हणून नोंदवली आणि तसं करताना त्यांना ती खरोखर आपलीच वाटत होती. आशय लक्षात राहतो, तो कुठून आला हे विसरतं. प्रयोगातलं अंतर थोडक्या वेळाचं होतं. प्रबंधात वाचन आणि लेखन यांच्यात कित्येक महिने जातात. जानेवारीत लिहिलेलं एखादं नेटकं, बिनखुणेचं वाक्य सप्टेंबरमध्ये वहीत सापडलं, तर ते आपलंच वाटणार. स्मरणशक्तीवर भरवसा ठेवून चालत नाही. म्हणून खूण लिहितानाच करायची.

इंग्रजीतून मराठीत आलं म्हणजे आपलं झालं का?

मराठीत लिहिणाऱ्या संशोधकापुढे एक खास अडचण असते. इंग्रजी परिच्छेद मराठीत आणताना डोक्याला ताण पडतो, शब्द शोधावे लागतात, वाक्यं फिरवावी लागतात. या श्रमामुळे, मी माझ्या शब्दांत लिहिलं, अशी भावना होते. पण वाक्यामागून वाक्य मराठीत आणणं हा अनुवाद आहे. त्यातला विचार, त्याची रचना आणि उदाहरणं मूळ लेखकाचीच राहतात.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, म्हणजे आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी एपीए पद्धत, यात स्पष्ट भूमिका घेते. तुम्ही स्वतः केलेला अनुवाद अवतरण ठरत नाही, तो आशयकथन ठरतो. म्हणून त्याला अवतरणचिन्हं लागत नाहीत, पण संदर्भ लागतोच. एखाद्या व्याख्येपुरतं हे ठीक आहे. पान-दीड पान असा अनुवाद केला आणि शेवटी एक संदर्भ टाकला, तर वाचकाला तुमचा आढावा वाचल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात तो दुसऱ्याच्या लेखाचा मराठी तर्जुमा वाचत असतो. लिखाण असं झालं आहे का, हे ओळखायला एक सोपी कसोटी आहे. तुमचा मराठी परिच्छेद घ्या आणि मनातल्या मनात इंग्रजीत न्या. मूळ परिच्छेदातली वाक्यं त्याच क्रमाने परत मिळत असतील, तर तो अनुवाद आहे. आणखी एक खूण म्हणजे मराठीच अडखळते. ‘असे आढळून आले की जे विद्यार्थी ज्यांना...’ अशी लांबलचक वाक्यं सलग येऊ लागली, की वर इंग्रजी वाक्य उघडं ठेवलेलं आहे हे जाणकार परीक्षकाला लगेच कळतं.

नावांबाबत एक व्यावहारिक सूचना. मजकुरात लेखकांची नावं देवनागरीत लिहायला हरकत नाही. संदर्भसूचीत मात्र इंग्रजी लेखांची नोंद मूळ रोमन लिपीत, मूळ शीर्षकासह द्यावी. नुसत्या ‘येगर’ या अक्षरांवरून वाचकाला तो लेख शोधता येणार नाही, आणि मूळ लेखापर्यंत वाचक पोहोचावा, हेच तर संदर्भ देण्याचं कारण आहे.

अनेक अभ्यास एका परिच्छेदात

‘अमुक यांनी अभ्यास केला, तमुक यांनी अभ्यास केला’ अशी यादी म्हणजे आढावा नव्हे. चार अभ्यास समोरासमोर ठेवून त्यांतून काहीतरी म्हणायचं असतं, आणि खरी सरमिसळ तिथेच होते. तीन अभ्यासांचा एक परिच्छेद पाहू.

"न्यूयॉर्कमधील ३७३ विद्यार्थ्यांचा सातवीपासून दोन वर्षे पाठपुरावा केला असता, बुद्धिमत्ता वाढू शकते असे मानणाऱ्या मुलांचे गणितातील गुण चढत गेलेले दिसले (ब्लॅकवेल व इतर, २००७). मात्र अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर अशा उपक्रमांचा एकूण परिणाम क्षीण ठरला आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल किंवा अभ्यासात मागे पडण्याचा धोका असलेल्या मुलांना लाभ होऊ शकतो, एवढे सूचित झाले (सिस्क व इतर, २०१८). येगर व इतर (२०१९) यांनाही श्रेणीतील वाढ मागे असलेल्या मुलांमध्येच आढळली. म्हणून ‘उपक्रम उपयोगी आहे का?’ यापेक्षा ‘तो कुठे आणि कुणासाठी उपयोगी आहे?’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रस्तुत संशोधनासाठी जिल्हा परिषदेच्या शाळांतील, घटक चाचणीत कमी गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांची निवड त्यामुळेच केली आहे."

पहिल्या तीन वाक्यांत प्रत्येक दाव्याचा संदर्भ त्याच्या शेजारीच आहे. हेच तीन संदर्भ परिच्छेदाच्या शेवटी एका कंसात गोळा केले असते, तर ‘क्षीण परिणाम’ कुणी सांगितला आणि ‘चढते गुण’ कुणी, हे वाचकाला कळलं नसतं. पुष्कळ प्रबंधांत असा शेवटचा मोठा कंस दिसतो. तो दिला की सगळं झाकलं जातं, असं लिहिणाऱ्याला वाटतं. खरं तर त्यामुळे एकही वाक्य नीट कुणाच्या नावावर पडत नाही. तीन किंवा अधिक लेखक असतील, तर एपीएच्या सातव्या आवृत्तीनुसार पहिलं नाव आणि ‘व इतर’ पुरतं. दोनच असतील, तर दोन्ही नावं द्यावी लागतात.

आता चौथं वाक्य बघा. त्याला संदर्भ नाही, म्हणजे तो लिहिणाऱ्याचा स्वतःचा विचार आहे, असं वाचक समजणार. पण ‘कुठे’ हा प्रश्न येगर आणि सहकाऱ्यांच्या लेखाच्या शीर्षकातच आहे. उपक्रम कोणत्या मुलांसाठी आणि कोणत्या शाळांत परिणाम करतो, हे शोधायलाच त्यांनी तो प्रयोग उभा केला होता. लेख वाचताना तो प्रश्न मनात मुरला आणि आढाव्यात स्वतःचा निष्कर्ष बनून बाहेर आला. शब्द लेखकाचे नाहीत, वाक्य लेखकाचं नाही, तरी कल्पना उचललेली आहे. कोणतंही सॉफ्टवेअर हे पकडणार नाही. दुरुस्ती अगदी छोटी आहे: "म्हणून ‘उपक्रम कुठे आणि कुणासाठी उपयोगी आहे?’ हा येगर व इतर (२०१९) यांनी पुढे आणलेला प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो." तीन अभ्यास एकत्र ठेवल्यावर त्या प्रश्नाचं वजन वाढतं, हा निवाडा तुमचा आहे आणि तो तुमच्याच नावावर राहतो. पाचवं वाक्य सर्वस्वी तुमचं, तिथे संदर्भाची गरज नाही.

किशोरवयात शरीरात झपाट्याने बदल होतात, यासारख्या सर्वांना ठाऊक असलेल्या विधानाला संदर्भ लागत नाही. पण वयात येताना झोपेची वेळ पुढे सरकते आणि ती यौवनाच्या टप्प्याशी निगडित आहे, हे लिहिलंत तर मेरी कार्सकाडन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासासारखा आधार द्यावा लागतो. ते कुणीतरी मोजून दाखवलेलं आहे. सर्वसामान्य ज्ञान कोणतं, याबद्दल शंका असेल तेव्हा संदर्भ द्यावा.

न वाचलेल्या लेखाचा संदर्भ

दुसऱ्याच्या आढाव्यातून संदर्भ उचलणं ही वाट फार वापरातली आहे. ‘शोधगंगा’वर आधीचे प्रबंध सहज मिळतात. त्यातल्या एखाद्यात मूळ लेखाचा दोन ओळींचा सारांश असतो. त्या दोन ओळी आणि कंसातला संदर्भ आपल्या प्रकरणात येतो, मूळ लेख मात्र उघडलेला नसतो. आपण जो वाचला नाही तो लेख वाचल्याचा दावा होतो आणि ज्याने खरोखर वाचून सारांश केला, त्याचं नावच येत नाही.

यातून विषयाचं किती नुकसान होतं, याचं एक उदाहरण आहे. केवळ पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःची चाचणी घेतल्याने अधिक काळ लक्षात राहतं, या मुद्द्यासाठी हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांचा २००६ चा अभ्यास घेतला जातो. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तर चाचणी देणारे पुढे गेले, हा त्याचा गाभा. पण त्यातले सहभागी महाविद्यालयात शिकणारे होते, शाळकरी मुलं नव्हती. आढाव्यात ‘किशोरवयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात’ असं लिहून हा संदर्भ दिला, तर लिहिणाऱ्याने मूळ लेख उघडलाच नव्हता हे उघड होतं. उघडला असता तर वयोगट दिसला असता आणि सहावीच्या वर्गात सामाजिक शास्त्रांच्या तासाला झालेल्या रोडिगर, अगरवाल, मॅकडॅनियल आणि मॅकडर्मॉट यांच्या २०११ च्या अभ्यासापर्यंत पोहोचता आलं असतं. त्या मुद्द्यासाठी तोच जास्त योग्य आहे.

मूळ लेख काही केल्या मिळत नसेल, तर तसं सांगण्याची रीत आहे. मजकुरात मूळ लेखकाचं नाव घ्यावं आणि कंसात, आपण तो ज्याच्या लेखात वाचला त्याच्या नावापुढे ‘यांनी उद्धृत केल्यानुसार’ असं लिहावं. संदर्भसूचीत मात्र आपण प्रत्यक्ष वाचलेलाच ग्रंथ किंवा लेख द्यावा. असे दुय्यम संदर्भ मोजकेच असावेत. ते प्रकरणभर दिसू लागले, तर अजून मूळ लेख वाचायचे बाकी आहेत, असा त्याचा अर्थ घ्यावा.

सादर करण्याआधी

प्रकरण पूर्ण झालं की छापील प्रत काढावी आणि दोन रंगांची पेन्सिल घ्यावी. प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढायची, दुसऱ्याकडून आलेल्या वाक्याला एक रंग, आपल्या वाक्याला दुसरा. पहिल्या रंगाच्या प्रत्येक वाक्याजवळ संदर्भ आहे का, पाहायचं. दुसऱ्या रंगाच्या प्रत्येक वाक्याला विचारायचं, ही कल्पना मी वाचलेल्या एखाद्या लेखातून तर आली नाही? ज्या वाक्याचा रंग ठरवता येत नाही, त्यासाठी टिपणाच्या वहीत मागे जायचं. तिथेही खूण नसेल, तर मूळ लेख उघडायचा किंवा वाक्य गाळायचं. त्यानंतर मजकुरातला प्रत्येक संदर्भ सूचीत आहे का आणि सूचीतली प्रत्येक नोंद मजकुरात वापरली आहे का, हे जुळवून पाहायचं. साम्याचा अहवाल या सगळ्यानंतर काढावा. त्यात काही ओळी रंगल्या, तर आकडा खाली आणण्यासाठी शब्द बदलत बसू नये. ती ओळ अवतरण आहे, सामान्य संज्ञा आहे की ठिगळ, हे आधी ठरवावं. ठिगळ असेल, तर मूळ लेखाकडे परत जाऊन, तो समजून घेऊन नव्याने लिहावं.

असं तपासताना कित्येकांना आढळतं की पानंच्या पानं पहिल्या रंगाने भरली आहेत आणि दुसरा रंग अधूनमधून, एखाद्या ओळीपुरता दिसतो. तिथे वाङ्मयचौर्य नसेलही, पण आढावा अजून लिहायचा बाकी आहे. इतरांनी जे सांगितलं त्यावर तुम्हाला काय म्हणायचं आहे, हे प्रत्येक उपमुद्द्याच्या शेवटी निदान दोन-तीन वाक्यांत आलं पाहिजे. परीक्षक तीच वाक्यं शोधत असतात, आणि ती ठामपणे तुमची आहेत हे त्यांना कळतं, ते आजूबाजूच्या प्रत्येक वाक्यावर त्याच्या खऱ्या मालकाचं नाव असल्यामुळेच.